इतिवृत्ताच्या पीडीएफमधून निर्णयांची यादी काढताना नावं आणि मुदती चुकतात, तेव्हा काय तपासावं

इंदूरमध्ये लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर या भागांतल्या मराठी मंडळांची आणि रहिवासी संस्थांची इतिवृत्तं माझ्याकडे नेहमी येतात. मागणी एकच असते: सभेत काय ठरलं, ते कोणी करायचं आणि केव्हापर्यंत, एवढं एका तक्त्यात मांडून द्या. बहुतेक वेळा तसा तक्ता कोणीतरी आधीच केलेला असतो, पण पुढच्या सभेत तो उघडला की वाद सुरू होतो. ज्यांनी काम घेतलंच नव्हतं त्यांच्यासमोर काम असतं, आणि ज्या तारखेला काही ठरलंच नव्हतं ती तारीख मुदत म्हणून लिहिलेली असते. बिघाड दर वेळी त्याच ठरावीक जागी सापडतो. म्हणून सोप्या आणि फुकट तपासण्या आधी, वेळखाऊ नंतर, या क्रमाने सगळं इथे लिहितो.

लक्षणं

पीडीएफमधून मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवला की `fnukad`, `cSBd` असं काहीतरी उमटतं. किंवा अक्षरं देवनागरीच असतात, पण «निर्णय» शोधलं तर एकही सापडत नाही, जरी डोळ्यांना तो शब्द पानावर दिसत असतो. तक्त्यात काही तारखा कप्प्याच्या डाव्या कडेला आणि काही उजव्या कडेला बसलेल्या असतात. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात त्याच दोन-तीन सभासदांची नावं पुन्हा पुन्हा येतात. एका विषयाची जबाबदारी खालच्या विषयासमोर सरकलेली असते. आणि सगळ्यांत जास्त आढळणारं लक्षण म्हणजे इतिवृत्त चार पानांचं, विषय दहा-बारा, आणि यादीत निर्णय दोनच.

पहिली दोन लक्षणं असतील तर दोष मजकुरात आहे, डाव्या-उजव्या तारखा असतील तर तो शीटमध्ये आहे, नावं चुकत असतील तर तो बहुधा वाचनात आहे, आणि निर्णय गळत असतील तर तो मजकुरात किंवा वाचनात असू शकतो. मजकूरच खराब असताना वाचनावर तास घालवू नका, म्हणून खालचा क्रम पाळा.

आधी मूळ फाइल मागा

ही तपासणी नव्हे, पण अर्धी प्रकरणं इथेच मिटतात. पीडीएफ ही छापील पानाची प्रत असते. ती बनण्याआधी ते इतिवृत्त कोणाच्या तरी संगणकावर वर्डमध्ये टाइप झालेलं असतं. सचिवांकडे किंवा ज्या टायपिंगच्या दुकानातून ते करून घेतलं त्यांच्याकडे ती फाइल मागा. मिळाली तर खालचे मजकुराचे प्रश्न बरेचसे उरत नाहीत. मात्र वर्डची फाइल आणि सही झालेली पीडीएफ यांत फरक असू शकतो, कारण सहीच्या आधी कोणीतरी छापील प्रतीवर दुरुस्ती सुचवलेली असते. म्हणून ठरावांचे क्रमांक, रकमा आणि तारखा या तीन गोष्टी पीडीएफशी ताडून घ्या. वाद झाला तर सही असलेली प्रतच पाहिली जाते.

शीटमधल्या तारखा

तक्ता आधीच तयार असेल तर हे एका मिनिटात कळतं. तारखांच्या रकान्याची रुंदी वाढवा आणि पाहा. एक्सेल ज्याला तारीख मानतं ते उजवीकडे सरकतं आणि ज्याला साधा मजकूर मानतं ते डावीकडे राहतं. दोन्ही प्रकार एकाच रकान्यात दिसले तर संगणकाची भाषा-प्रदेशाची मांडणी अमेरिकन आहे असं समजा. तिथे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. त्यामुळे `05/03/2026` ही आपली ५ मार्च तिथे ३ मे होते, आणि `25/03/2026` मध्ये पंचविसावा महिना नसल्याने ती तारीखच मानली जात नाही. घोटाळा असा, की डावीकडे राहिलेल्या तारखा बरोबर असतात आणि उजवीकडच्या, नीटनेटक्या दिसणाऱ्या तारखा चुकलेल्या असतात.

आधीच उलटलेली तारीख रूप बदलून सुलटत नाही, कारण शीटच्या दृष्टीने ती आता खरोखर ३ मे आहे. तो रकाना पुसा, त्याचा प्रकार `Text` करा, तारखा पुन्हा चिकटवा, आणि मग `Data` मधल्या `Text to Columns` मध्ये जाऊन तिसऱ्या पायरीवर `Date: DMY` निवडा. गूगल शीट वापरत असाल तर `File`, `Settings`, `Locale` इथे भारत निवडून मग चिकटवा. देवनागरी अंकांतल्या तारखा त्याआधी इंग्रजी अंकांत करून घ्या, म्हणजे क्रमवारी लावता येते.

मजकूर खरा आहे का

पीडीएफ उघडून एखाद्या ओळीवरून माउस ओढा. शब्द निवडले न जाता अख्खं पानच चित्रासारखं निवडलं जात असेल, तर ते स्कॅन आहे आणि आत मजकूर नाही. शब्द निवडले गेले तर एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून वाचा. इथे तीन शक्यता उरतात.

मजकूर जसाच्या तसा आला, तर पुढच्या भागाकडे जा.

`fnukad` सारखं आलं, तर मजकूर कृतिदेव किंवा तशाच जुन्या फाँटमध्ये टाइप झाला आहे. अॅक्रोबॅट रीडरमध्ये `Ctrl+D` दाबून `Fonts` पाहिलं की नाव दिसतं. मध्यप्रदेशातल्या टायपिंगच्या दुकानांत कृतिदेव अजून रोज चालतो, त्यामुळे आपल्या मंडळांच्या कागदांत हा प्रकार पुष्कळ. या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. म्हणून `fnukad` म्हणजे दिनांक, `cSBd` म्हणजे बैठक आणि `fu.kZ;` म्हणजे निर्णय. कृतिदेवचं युनिकोड करून देणारी साधनं सहज मिळतात आणि अक्षरांचं काम ती चांगलं करतात.

फसगत होते ती तारखांत. कृतिदेवमध्ये तिरकी रेघ `@` या कळीवर आहे, टिंब `-` वर आहे, आणि खुद्द `/` या चिन्हाच्या जागी अर्धा ध असतो. म्हणजे मूळ मजकुरात `15@8@2026` दिसलं तर ते १५/८/२०२६ आहे आणि रूपांतरात ते नीट होतं. पण टाइप करणाऱ्याने तारखेपुरता फाँट बदलून ती इंग्रजीत लिहिली असेल, तर रूपांतरानंतर तिचं असं होतं:

```
15/8/2026   →   15ध्8ध्2026
```

रूपांतर झाल्यावर «ध्» शोधा. तो अंकांना चिकटून आला असेल तर तिथे तारीख मोडली आहे. जीएसटी, आरटीजीएस, ईमेलचे पत्ते हे इंग्रजीत लिहिलेले तुकडेही असेच विस्कटतात. ते मूळ पीडीएफ बघून हाताने लिहा.

तिसरी शक्यता सर्वांत फसवी. मजकूर युनिकोड आहे, पण «निर्णय» ऐवजी «िनणर्य» असं येतं. पहिली वेलांटी न च्या आधी सुटी पडलेली आणि रफार एक अक्षर पुढे गेलेला. पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमने अक्षरं पानावर ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने साठवली, उच्चाराच्या क्रमाने नाही, त्याचा हा परिणाम. पान छापलं तर निर्दोष दिसतं, आणि म्हणूनच कोणाला शंका येत नाही. शोध मात्र काहीच सापडवत नाही. यादीत दोनच निर्णय येण्याचं हे नेहमीचं कारण आहे: शोधून यादी करणाऱ्याला वेलांटी-रफार नसलेले शब्द तेवढे सापडले, बाकीचे ठराव सुटले. असा मजकूर दुरुस्त करत बसू नका. तो बाजूला ठेवा आणि पानाचं चित्र पुन्हा वाचून घ्या, म्हणजे ओसीआर करा. स्कॅनसाठीही हाच मार्ग.

ओसीआर

थोडीच पानं असतील आणि मजकूर खाजगी नसेल, तर पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडणं पुरतं. इतिवृत्तात सभासदांचे फोन, थकबाकी, कोणाविरुद्ध तक्रार असं काही असेल तर ते बाहेर पाठवू नका. आपल्याच संगणकावर हे दोन आदेश चालवा. त्यासाठी `ocrmypdf`, मराठीच्या भाषासंचासह `tesseract`, आणि `pdftotext` बसवलेलं असलं पाहिजे.

```
ocrmypdf -l mar+eng --force-ocr --deskew sabha.pdf sabha_ocr.pdf
pdftotext -layout sabha_ocr.pdf sabha.txt
```

`--force-ocr` मुळे आधीचा बिघडलेला मजकूर टाकून दिला जातो, `--deskew` तिरकं स्कॅन सरळ करतं, आणि `-layout` मुळे तक्त्याचे रकाने शेजारी-शेजारी राहतात. इतिवृत्त हिंदीत असेल तर `mar` च्या जागी `hin` लिहा. पान पुन्हा स्कॅन करणं हातात असेल तर ३०० डीपीआयवर करा. फोनवरून काढलेल्या, एका बाजूला सावली पडलेल्या फोटोपेक्षा ते कितीतरी स्वच्छ वाचलं जातं.

शब्दांतल्या बारीक चुका सोडून दिल्या तरी चालतं, अर्थ कळतो. अंक मात्र एकेक करून पाहा. देवनागरी १ आणि ९ एकमेकांच्या जागी येतात, आणि १ तारखेचं काम ९ तारखेला गेलं तर वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. पीडीएफ आणि मजकूर शेजारी उघडून फक्त तारखा, रकमा आणि ठराव क्रमांक ताडायचे. चार पानांना फार वेळ लागत नाही.

इतिवृत्तच तक्त्याच्या रूपात असेल तर आणखी एक गोष्ट पाहा. एका कप्प्यात दोन-तीन ओळी असल्या की शेजारच्या रकान्यातलं नाव खालच्या विषयाला चिकटतं, आणि पान बदलतं तिथे तर हमखास. विषयपत्रिकेवरचे विषय मोजा, तक्त्यातल्या ओळी मोजा. आकडे जुळले नाहीत तर पहिली चूक पानाच्या शेवटी शोधा.

वाचनातल्या चुका

इथून पुढे यंत्राचं काम संपतं. मजकूर स्वच्छ असूनही यादी चुकत असेल, तर कारण इतिवृत्ताच्या भाषेत असतं. एक नमुना घेऊ. सभा १२ एप्रिल २०२६ ची आहे असं धरा.

> विषय क्र. ४ : सभागृहाच्या छताची गळती. या विषयावर सविस्तर चर्चा झाली. कोषाध्यक्षांनी दोन ठेकेदारांचे दर सभेपुढे ठेवले. काही सभासदांनी संपूर्ण छत नवे करावे असे सुचवले. तिसरा दर पंधरा दिवसांत मागवून दुरुस्तीचे काम पावसाळ्यापूर्वी सुरू करावे असे सर्वानुमते ठरले. खर्च ८०,००० रुपयांवर गेल्यास कार्यकारिणीची पुन्हा संमती घ्यावी. ठेकेदारांशी बोलण्याचे काम सहसचिवांकडे सोपवण्यात आले. सूचक : श्री. कुलकर्णी. अनुमोदक : सौ. देव.

या परिच्छेदाची जी यादी माझ्यापुढे नेहमी येते, तिच्यात तीन ओळी असतात: छत नवे करणे, छत दुरुस्ती, आणि दोन्हींसमोर कुलकर्णी, तिसऱ्या ओळीत दर मागवणे आणि समोर कोषाध्यक्ष. तिन्ही चूक.

«संपूर्ण छत नवे करावे» हा निर्णय नाही. वाक्याचं शेवटचं क्रियापद पाहा: «असे सुचवले». मराठी इतिवृत्तात «करावे» दोन्ही ठिकाणी येतं, सूचनेतही आणि ठरावातही. फरक करतो तो «असे» नंतर येणारा शब्द. ठरले, मंजूर झाले, संमत झाले, सोपवण्यात आले, हे असतील तर निर्णय. सुचवले, मत मांडले, चर्चा झाली, लक्ष वेधले, हे असतील तर निर्णय नाही, कितीही जोरदार वाटलं तरी. इथल्या संस्थांत मराठी-हिंदी सभासद एकत्र असतात, त्यामुळे एकाच इतिवृत्तात «निर्णय लिया गया» आणि «सर्वसम्मति से पारित» हेही भेटतं. तेही शोधा.

सूचक आणि अनुमोदक हे ठराव मांडणारे आणि त्याला पाठिंबा देणारे. काम त्यांच्याकडे नसतं. पण त्यांची नावं प्रत्येक ठरावाखाली ठळक छापलेली असतात, म्हणून यादी करणारा तीच उचलतो. रकान्यात तीच नावं पुन्हा पुन्हा दिसण्याचं कारण हेच. काम कोणाकडे आहे ते «यांच्याकडे», «यांनी», «यांच्यावर» या शब्दांच्या आधी शोधा, आणि त्यापुढे सोपवलं किंवा करावं असं काही आहे ना तेही पाहा. «कोषाध्यक्षांनी दर ठेवले» हे घडून गेलेलं आहे, त्यात पुढचं काम नाही.

मुदतींचंही तसंच. «पंधरा दिवसांत» हे सभेच्या तारखेपासून मोजलं तर २७ एप्रिल येतं, आणि इतिवृत्तात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर तसंच मोजावं. «पावसाळ्यापूर्वी» ही तारीख नाही. इंदूरला पाऊस जूनच्या उत्तरार्धात धरतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण म्हणून तक्त्यात १५ जून लिहिण्याचा अधिकार यादी करणाऱ्याला नाही. शिवाय वाक्य काम सुरू करण्याबद्दल आहे, संपवण्याबद्दल नाही. आणि ८०,००० ची अट हा वेगळा निर्णय आहे. तो गळला तर ठेकेदाराचं बिल आल्यावर आठवतो. मी तक्ता असा करतो:

| निर्णय | कोणी | केव्हापर्यंत | मूळ शब्द आणि पान |
|---|---|---|---|
| तिसरा दर मागवणे | सहसचिव | २७/०४/२०२६ | «पंधरा दिवसांत», पान २ |
| दुरुस्ती सुरू करणे | विचारायचे | विचारायचे | «पावसाळ्यापूर्वी», पान २ |
| खर्च ८०,००० वर गेल्यास कार्यकारिणीची संमती | विचारायचे | खर्च वाढण्याआधी | «संमती घ्यावी», पान २ |

शेवटचा रकाना कोणी मागत नाही, पण मी तो कधी वगळत नाही. नाव किंवा तारीख कुठून आली हे त्यातून लगेच दाखवता येतं, आणि जिथे इतिवृत्तच गप्प आहे तिथे «विचारायचे» लिहून तो प्रश्न सचिवांकडे परत जातो. रिकामी जागा अंदाजाने भरली की ती अंदाज म्हणून कोणाला ओळखू येत नाही.

सणांवर लावलेल्या मुदती दर वर्षीच्या पंचांगातून काढा. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक असल्याने ती १४ सप्टेंबरला आहे. मागच्या वर्षीच्या तक्त्यातून तारीख उचलली तर अडीच आठवड्यांचा फरक पडतो. इंदूरमध्ये याला आणखी एक पदर आहे. आपलं पंचांग अमान्त आणि इथल्या हिंदी घरांतलं पौर्णिमान्त. शुद्ध पक्षात महिन्याचं नाव दोन्हीकडे सारखं असतं, वद्यात मात्र हिंदी नाव एक महिना पुढे असतं. आपला श्रावण वद्य तो त्यांचा भाद्रपद कृष्ण. त्यामुळे «श्रावण वद्य पंचमीपर्यंत» ही मुदत हिंदी पंचांगात पाहिली तर जवळजवळ महिनाभर आधीची तारीख हाती लागते. तिथी दिसली की इंग्रजी तारीख शेजारी लिहून मराठी आणि हिंदी दोन्हीकडच्या सभासदांकडून पक्की करा.

पदाचं नाव लिहिलं असेल तर त्या पदावर त्या दिवशी कोण होतं ते उपस्थितीच्या यादीत पाहा. निवडणुकीनंतर सचिव बदललेले असतात आणि काम जुन्यांकडेच राहिलं की नव्यांकडे गेलं हे इतिवृत्तात नसतं. दोन कुलकर्णी असतील तर आद्याक्षरं लिहा.

आणि यादी देण्याआधी पुढच्या सभेचं इतिवृत्त उघडून त्यातला पहिला विषय वाचा. तिथे मागील इतिवृत्त कायम होतं, आणि दुरुस्त्या असतील तर त्याच वेळी नोंदल्या जातात. रक्कम किंवा नाव तिथे बदललेलं असेल तर तेच धरायचं.

कुठे थांबावं

हस्तलिखित नोंदवहीचं स्कॅन असेल तर ओसीआरवर वेळ घालवू नका. सभेला हजर असलेल्या कोणाला तरी शेजारी बसवून वाचून टाइप करा. अक्षर मोडी असेल तर मोडी वाचणाऱ्याकडेच द्या. पीडीएफला पासवर्ड असेल आणि तो कोणाकडेच नसेल, तर तो तोडण्याची साधनं शोधू नका, सही झालेली छापील प्रत मागून पुन्हा स्कॅन करा. डिजिटल सही असलेल्या फाइलवर थेट काही करू नका. तिची प्रत काढून त्यावर काम करा, कारण मूळ फाइल बदलली की सही ग्राह्य राहत नाही.

बँक खात्यावर सह्या कोणाच्या, जागेचा व्यवहार, कोणाला सभासदत्वातून काढणं, किंवा ज्या ठरावावर तक्रार झाली आहे असा ठराव, यांतलं काहीही असेल तर माझ्यासारख्याने केलेला तक्ता पुरावा म्हणून पुढे करू नका. मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेल्या संस्थेचा प्रश्न असेल तर तो वकिलाकडे न्या, हिशेबाचा असेल तर सनदी लेखापालाकडे. सोबत सही असलेली मूळ नोंदवही, सभेची सूचना, उपस्थितीची पानं आणि ते इतिवृत्त ज्या पुढच्या सभेत कायम झालं तिचं इतिवृत्त, एवढं घेऊन जा.